तीन आठवड्यांची डोकेदुखी आणि पाठीतलं पाणी: एचआयव्हीमधला क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस

मी मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करतेय आणि आज एकाच आजाराबद्दल लिहायचंय, कारण या आजारात पेशंट दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याचे दोन-तीन आठवडे आधीच वाया गेलेले असतात, आणि नंतर जे वाचवणारं काम असतं त्यालाच नातेवाईक घाबरून नको म्हणतात. आजाराचं नाव क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणात बुरशीने होणारा आजार. नाव मोठं आहे, पण गोष्ट समजायला अवघड नाही.

एक पेशंट डोळ्यासमोर ठेवून सांगते, म्हणजे सोपं जाईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीचा माणूस, इचलकरंजीकडे यंत्रमागावर काम करणारा, वजन ५० किलो. एचआयव्ही आहे हे सहा वर्षांपूर्वी कळलेलं, एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या सेंटरमधून चालू होत्या, तब्येत छान होती. मग काम बदललं, गाव बदललं, नव्या ठिकाणी कुणाला कळू नये म्हणून सेंटरला जाणं टाळलं आणि गोळ्या बंद पडल्या त्या दोन वर्षं बंदच. हे आता फार बघायला मिळतं, म्हणजे एचआयव्ही पहिल्यांदाच सापडलाय असा पेशंट कमी आणि मधेच औषध सुटलेला पेशंट जास्त.

त्याची डोकेदुखी कशी सुरू झाली हे त्याच्या बायकोने मला नीट सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळी डोकं जड व्हायचं, मागाच्या आवाजाने होत असेल म्हणून मेडिकलमधून गोळी आणून खायचा आणि बरं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठतानाच डोकं ठणकायला लागलं, आडवं पडलं की जास्त, खोकलं किंवा वाकलं की जास्त, अंगात बारीक ताप. जवळच्या दवाखान्यात सायनस म्हणून औषध मिळालं, मग टायफॉइड म्हणून सलाईन लागलं. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, आणि एके दिवशी तो बायकोला म्हणाला की दारात दोन-दोन माणसं दिसतायत. चष्म्याचा नंबर आला असेल म्हणून डोळे तपासायला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला पडदा बघितला, मागची नस सुजलेली दिसली, आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली. त्या एका चिठ्ठीने जीव वाचला असं मी आजही मानते.

या सगळ्यात कुठल्याच डॉक्टरला एचआयव्हीबद्दल सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही, गावात एकदा बातमी फुटली की काय होतं ते मी बघितलंय. पण डॉक्टरला ते माहीत नसेल तर डोकेदुखीच्या हजार कारणांत हे कारण त्याच्या डोक्यात येणारच नाही.

आता हा आजार आहे काय ते बघू. क्रिप्टोकॉकस नावाची एक बुरशी आहे, पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टसारखी, एका पेशीची गोल बुरशी. ती मातीत असते, झाडांच्या ढोलीत असते, आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत भरपूर असते. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून वाद झाला तेव्हा श्वासाच्या आजारांचं बोलणं खूप झालं, तिथल्या धुळीत ही बुरशीपण असू शकते. पण कबुतराजवळ गेला म्हणून हा आजार झाला असं सरळ नसतं. ही बुरशी आपण बहुतेक सगळेच कधी ना कधी श्वासातून आत घेतो, फुफ्फुसात शरीर तिला कोंडून ठेवतं, आणि आपल्याला काही कळतही नाही. एचआयव्हीमुळे सीडीफोर नावाच्या पेशी कमी होत जातात, त्या साधारण १०० च्या खाली गेल्या की हा पहारा सुटतो, बुरशी रक्तात उतरते आणि मेंदूच्या आवरणात जाऊन वाढायला लागते. आमच्या पेशंटचा सीडीफोर आला होता ३४. निरोगी माणसात हाच आकडा ५०० च्या वर असतो.

आणि हो, हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, खोली वेगळी करायची गरज नाही. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी त्याचा ग्लास वेगळा काढून ठेवला होता, मी तो परत बाकीच्यांत ठेवायला लावला.

डोकेदुखी इतकी हळूहळू का वाढते, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. साध्या जंतूंच्या मेनिंजायटिसमध्ये शरीर जोरात लढतं, एक-दोन दिवसांत सणकून ताप येतो, मान लाकडासारखी ताठ होते, सगळ्यांना कळतं की काहीतरी भयंकर आहे. इथे लढायला पेशीच नाहीत, त्यामुळे सूज कमी, ताप बारीक, मान पुष्कळदा मऊच. म्हणून मान ताठ नाही म्हणजे मेनिंजायटिस नाही हे या पेशंटच्या बाबतीत धरून चालत नाही. बुरशी गुपचूप वाढत राहते आणि खरा त्रास होतो तो पाण्याच्या दाबाचा.

मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतात. हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं, पण ते साठलेलं नसतं, दर तासाला साधारण २० मिली नवीन तयार होतं आणि तेवढंच जुनं मेंदूच्या वरच्या बाजूच्या बारीक जाळीतून रक्तात मुरतं. या बुरशीभोवती एक जाड, बुळबुळीत कवच असतं, त्या कवचाचा चिकट पदार्थ पाण्यात सुटत राहतो, आणि बुरशी व तो पदार्थ मिळून ती जाळी तुंबवतात. म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली. पाणी वाढतं, कवटी काही पसरत नाही, दाब वाढत जातो. तोच दाब म्हणजे ती डोकेदुखी. तोच दाब डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या नसेवर आला की दोन-दोन दिसतं, बघण्याच्या नसेवर राहिला की दृष्टी जाते, काहींचं ऐकू येणं जातं, आणि शेवटी गुंगी, असंबद्ध बोलणं, बेशुद्धी. डोकं दुखायचं थांबलं पण माणूस झोपाळला, तर ते बरं होणं नव्हे, ते बिघडणं आहे.

आमच्याकडे आला तेव्हा तो बोलत होता पण एकेका प्रश्नाला वेळ लावत होता. दोन-दोन दिसत असल्यामुळे आधी सीटी स्कॅन झाला, मेंदूत गाठ वगैरे नाही ना ते बघायला. सीटी नॉर्मल आला. आणि इथेच नातेवाईकांचा, कधीकधी नवीन डॉक्टरांचाही गोंधळ होतो, की सीटी नॉर्मल म्हणजे डोक्यात काही नाही. पण या आजारात पाणी सगळीकडे सारखं दाबलेलं असतं, मेंदूतल्या पोकळ्या बहुतेकदा फुगत नाहीत, त्यामुळे सीटीत काही दिसलं नाही तरी आत दाब दुप्पट असू शकतो. सीटीचा उपयोग एवढाच, की पाठीतून पाणी काढणं सुरक्षित आहे का ते कळतं. गाठ असेल तर पाणी काढणं धोक्याचं, ती नसेल तर काढायलाच पाहिजे.

पाठीतून पाणी काढायचं म्हटल्यावर बायको माझ्याकडे आली. "ओ सिस्टर, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणत्यात. आमच्या भावकीत एकाचं काढलं, त्यो गेलाच." हे मी शेकड्यांनी ऐकलंय. मी तिला तिच्याच कमरेवर बोट ठेवून दाखवलं, म्हटलं ताई, मज्जारज्जू इथे वर संपते आणि सुई जाते ती इथे खाली, जिथे फक्त पाण्यात लोंबणाऱ्या नसा असतात, त्या सुईला बाजूला होतात. आणि तुमच्या भावकीतला माणूस पाणी काढल्यामुळे गेला नसणार, पाणी काढायला उशीर झाला म्हणून गेला असेल. तिने सही केली, पण दाराशी उभी राहिली, गेली नाही.

त्याला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. कमरेत बधिर करायचं इंजेक्शन, मग सुई. पाणी यायला लागलं की लगेच बाटलीत घ्यायचं नसतं, आधी दाब मोजायचा असतो, आणि ही पायरी फार ठिकाणी सुटते म्हणून मुद्दाम सांगते. मॅनोमीटर म्हणजे आकडे असलेली काचेची किंवा प्लास्टिकची उभी नळी सुईला जोडतात आणि पाणी तिच्यात किती वर चढतं ते बघतात. मॅनोमीटर नसेल तर स्वच्छ आयव्ही नळी सलाईन स्टँडला उभी धरून सुईपासून पाण्याच्या टोकापर्यंत टेपने मोजतात, काम होतं. नॉर्मल म्हणजे २० सेंटीमीटरपर्यंत, २५ च्या वर गेलं की जास्त. त्याचं चढत चढत ३८ वर थांबलं.

पाणी दिसायला पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं, आणि हेही फसवतं. रिपोर्टात पेशी फक्त ८, प्रोटीन थोडं वाढलेलं, साखर थोडी कमी. दुसऱ्या कुठल्या मेनिंजायटिसमध्ये एवढ्या कमी पेशी बघून कुणी म्हणेल की फार काही नाही. इथे उलटं आहे, पेशी कमी म्हणजे शरीर लढतच नाहीये, आणि ते वाईट लक्षण आहे.

निदान दोन तपासण्यांनी झालं. एक जुनी, पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून मायक्रोस्कोपखाली बघायची. शाई बुरशीच्या कवचात शिरत नाही, त्यामुळे काळ्याभोर मैदानावर चमकणारे गोल दिसतात, मधे पेशी आणि भोवती पांढरं वलय, खळं पडलेल्या चंद्रासारखं. लॅबमधल्या मॅडमनी मला बोलावून दाखवलं होतं, एकेका फील्डमध्ये पाच-सहा दिसत होते. पण बुरशी कमी असेल तर शाईच्या तपासणीत ती निसटते. म्हणून दुसरी तपासणी जास्त भरवशाची, तिला क्रॅग म्हणतात, म्हणजे कवचाच्या त्या चिकट पदार्थाचीच तपासणी. प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी पट्टी असते, छोट्या ट्यूबमध्ये एक थेंब द्रावण, त्यात पाण्याचा किंवा रक्ताच्या सीरमचा थोडा नमुना, पट्टी उभी ठेवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. त्याच्या पट्टीवर दुसरी रेघ दहा मिनिटं व्हायच्या आधीच उमटली. शिवाय पाण्यातून बुरशी उगवते का ते बघायला ते कल्चरला पाठवलं, त्याला दिवस लागतात, पण पुढे कधी आजार उलटला का हे बघायला त्याचाच आधार असतो.

इथे आपल्याकडची एक मोठी चूक सांगायला हवी. आपल्या भागात एचआयव्ही पेशंटला महिनाभर ताप, डोकेदुखी, वजन घटलेलं असं असलं की सगळ्यांच्या मनात पहिला येतो तो टीबी. आणि ते चूक नाही, टीबीचा मेनिंजायटिस असाच हळूहळू येतो, त्यातही साखर कमी, प्रोटीन जास्त. मग क्रॅग न करताच टीबीच्या गोळ्या आणि सोबत स्टेरॉइड सुरू होतात. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये स्टेरॉइड सहसा देतातच. पण क्रिप्टोकॉकसमध्ये तेच स्टेरॉइड नुकसान करतं. आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत यावर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, स्टेरॉइड दिलेल्यांत अपंगत्व जास्त राहिलं, बुरशी पाण्यातून हळू साफ झाली, आणि तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. शिवाय टीबीचं रिफाम्पिसिन हे पुढे लागणाऱ्या फ्लुकोनाझोल या औषधाचं प्रमाण रक्तात कमी करतं. म्हणजे दहा मिनिटांची एक पट्टी न केल्यामुळे पेशंट नेमका उलट्या दिशेने जाऊ शकतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून दोन्हीच्या तपासण्या त्याच पाण्यातून करायच्या.

आता उपचार. माझ्या मते पहिला उपचार औषधाचा नव्हताच, पाणी काढण्याचा होता. दाब ३८ आल्यावर डॉक्टरांनी हळूहळू थेंब थेंब २४ मिली पाणी काढलं आणि परत दाब मोजला, तो १८ आला. साधारण २० ते ३० मिली काढतात आणि दाब २० च्या खाली आणायचा, फारच जास्त असेल तर निदान निम्म्यावर आणायचा असा हिशोब असतो. तासाभराने मी बीपी घ्यायला गेले तर तो बायकोला म्हणत होता, "जरा भात दे." तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याने स्वतःहून खायला मागितलं होतं. बायको माझ्याकडे बघायला लागली, तिला काही बोलताच येईना.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं परत दुखायला लागलं आणि घरच्यांचा विश्वास डळमळला, एवढं पाणी काढलं तरी परत का. वर सांगितलेला हिशोब इथे कामाला येतो. तासाला २० मिली नवीन पाणी बनतंय, म्हणजे काढलेलं २४ मिली सव्वा तासात भरून निघालं. मोरी अजून तुंबलेलीच आहे, ती औषधाने मोकळी व्हायला दिवस लागणार, तोवर रोज हाताने पाणी उपसत राहायचं. दुसऱ्या दिवशी दाब ३१, तिसऱ्या दिवशी २७, एक दिवस सोडून २३, मग १९ आणि १७. दोन वेळा ओळीने नॉर्मल आणि डोकेदुखी नाही, मग थांबवलं. सहा वेळा सुई झाली. काहींना रोज काढूनही दाब उतरत नाही, त्यांना कमरेत बारीक नळी ठेवून किंवा ऑपरेशनने शंट टाकून पाणी वाहतं करावं लागतं. मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल देतात ते इथे कामाचं नाही, कारण भानगड सुजेची नाही, तुंबलेल्या पाण्याची आहे. त्याला पर्याय सुईच.

औषधं तीन. मुख्य म्हणजे अँफोटेरिसिन बी. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी लोक ज्या इंजेक्शनसाठी जिल्हा-जिल्हा फिरत होते, तेच हे. त्याचा लायपोसोमल नावाचा प्रकार, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेलं औषध, मूत्रपिंडाला कमी त्रास देतो. पूर्वी अँफोटेरिसिन एक आठवडा ते दोन आठवडे रोज द्यावं लागायचं. मग आफ्रिकेतल्या पाच देशांत ८४४ पेशंटवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, त्यात लायपोसोमलचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे तोंडाने दोन औषधं, ही पद्धत रोजच्या इंजेक्शनाइतकीच उपयोगी ठरली आणि त्रास कमी. दहा आठवड्यांत शंभरातले साधारण २५ दगावले, जुन्या पद्धतीत साधारण २९. २५ हा आकडा वाचून कुणाला धक्का बसेल, पण उपचार नसेल तर या आजारात जवळजवळ कुणीच वाचत नाही, हे लक्षात ठेवून तो वाचावा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पहिली पसंती म्हणून सांगितली.

आमच्या ५० किलोच्या माणसाला किलोला १० मिलिग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅम. एका बाटलीत ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा बाटल्या. प्रत्येक बाटलीत १२ मिली निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, पिवळसर दुधासारखं होतं, मग फिल्टरमधून काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं. नॉर्मल सलाईनमध्ये कधीच नाही, औषध साखळतं आणि वाया जातं, म्हणून आधी चालू असलेल्या सलाईनची नळीपण डेक्स्ट्रोजने धुऊन घेते मी. पण औषधाच्या आधी एक लिटर नॉर्मल सलाईन पोटॅशियम घालून द्यायचं, ते मूत्रपिंड सांभाळायला. मग साधारण दोन तासांत औषध. त्याला मधेच थंडी भरून आली, दात वाजायला लागले, त्यासाठी ड्रिप हळू केली, पॅरासिटामॉल दिलं, थांबलं. या औषधाने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातं, मूत्रपिंडाचा त्रास दाखवणारं क्रिएटिनिन चढतं, रक्त कमी होतं, म्हणून एकच डोस असला तरी पुढे दोन आठवडे रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात.

दुसरं औषध फ्लुसायटोसिन, किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे त्याला दिवसाला ५००० मिलिग्रॅम, ५०० ची गोळी म्हणून दिवसाला दहा गोळ्या, सहा-सहा तासांनी ३, २, ३, २ अशा वाटून. रात्री दोन वाजताच्या गोळ्या द्यायला मी त्याला उठवायचे, वैतागायचा, पण उठायचा. तिसरं फ्लुकोनाझोल १२०० मिलिग्रॅम, २०० च्या सहा गोळ्या एकदम. फ्लुसायटोसिन सगळीकडे सहज मिळत नाही ही आपल्याकडची मोठी अडचण आहे आणि मला याची मनापासून चीड येते, कारण पेशंट जगण्यात ते औषध फरक पाडतं. ते नसेल तर लायपोसोमल अँफोटेरिसिन कमी डोसमध्ये, किलोला ३ ते ४ मिलिग्रॅम, चौदा दिवस रोज आणि सोबत फ्लुकोनाझोल १२०० असा मार्ग आहे. नुसत्या फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांवर सुरुवात करणं हा अगदीच काही नसताना करायचा उपाय.

दोन आठवडे झाले, माणूस चालायला लागला, आणि मग भावाने विचारलं की एचआयव्हीच्या गोळ्या अजून चालू का करत नाही, त्याच बंद पडल्या म्हणून तर हे झालं ना. प्रश्न अगदी बरोबर होता. बाकी बहुतेक आजारांत एआरटी जितकी लवकर तितकी चांगली. या आजारात मात्र चार ते सहा आठवडे थांबतात, कारण गोळ्या सुरू झाल्या की प्रतिकारशक्ती अचानक जागी होते, मेंदूत अजून ढिगाने पडलेल्या बुरशीवर तुटून पडते, आणि ती सूज बंद कवटीत माणसाला झेपत नाही. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत याचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये आला. एक-दोन आठवड्यांत एआरटी सुरू केलेल्यांत सहा महिन्यांत शंभरातले ४५ गेले, पाच आठवड्यांनी सुरू केलेल्यांत ३०. भावाला मी एवढंच सांगितलं की आधी आग विझू द्या, मग खिडक्या उघडू. त्याची एआरटी पाचव्या आठवड्यात सुरू झाली.

घरी जाताना फ्लुकोनाझोल ८०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज चार गोळ्या, आठ आठवडे. नंतर रोज २०० ची एक गोळी, ती निदान वर्षभर आणि सीडीफोर नीट वर येऊन व्हायरल लोड म्हणजे रक्तातला एचआयव्ही दबेपर्यंत, कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवणार. बरं वाटलं म्हणून ही एक गोळी सोडली की आजार उलटतो, एआरटीइतकीच ती महत्त्वाची. आणि बरं झालं का बघायला क्रॅगची पट्टी परत परत करायची नसते, मेलेल्या बुरशीचं कवच महिनोन्महिने शरीरात राहतं आणि पट्टीवर दोन रेघा येतच राहतात, पेशंट उगाच घाबरतो.

हा आजार डोकं दुखायच्या आधी पकडता येतो, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. मेंदूत त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आठवडे आधी तो चिकट पदार्थ रक्तात सापडतो. म्हणून सीडीफोर २०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची, नवीन असो की गोळ्या सोडून परत आलेला, रक्ताची क्रॅग तपासणी करायला हवी, १०० च्या खाली असेल तर नक्कीच. पॉझिटिव्ह आली तर डोकं दुखत नसलं तरी पाठीतलं पाणी तपासायचं, आणि पाण्यात बुरशी सापडली नाही तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांवर घरीच काम भागू शकतं. गोळ्या सोडल्या म्हणून सेंटरवर रागावतील या भीतीने लोक परत जात नाहीत. जा. परत आलेल्या माणसाला गोळ्या देणं हे सेंटरचं कामच आहे, आणि गेल्यावर सीडीफोर व क्रॅग या दोन तपासण्या स्वतःहून विचारा. आधी बोलायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे.

आमचा पेशंट एआरटी सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यात परत आला, डोकं दुखतंय म्हणून. बायकोचा चेहरा पांढराफटक. अशा वेळी दोन शक्यता असतात, एक म्हणजे बुरशी परत वाढली, दुसरी म्हणजे जागी झालेली प्रतिकारशक्ती मेलेल्या बुरशीशी भांडतेय. दोन्हीत डोकेदुखी सारखीच, वरून सांगता येत नाही. म्हणून परत सुई. या वेळी तो स्वतःच कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले, मला म्हणाला, "सिस्टर, नळी उभी धरा, किती येतंय ते मला सांगा." दाब २६ आला. पाण्यात पेशी ९०, म्हणजे आधीच्या ८ च्या कितीतरी वर, शरीर लढायला लागलं होतं. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा हिशोब बरोबर होता, एकही चुकली नव्हती. एआरटी थांबवली नाही, फ्लुकोनाझोल चालू ठेवलं, दोनदा पाणी काढलं आणि डोकेदुखी गेली.

आता तो परत मागावर जातो. डावा डोळा सरळ व्हायला तीन महिने लागले, तोवर एका डोळ्यावर पट्टी बांधून तो जिना उतरायचा.